भाकरी केंद्राच्या नावाचं बिल

शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, आता कागदाचं तोंड बघायचं नाही. पण भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीत एकदा का एखादी बाई ‘अर्ज लिहून देणारी’ म्हणून माहीत झाली, की तिची सुटका नाही. नळाला पाणी नाही, या. मुलीच्या दाखल्यात जन्मतारीख चुकली, या. मीटर पळतंय, या. लोकांना वाटतं, मला हे आवडतं. आवडतं कसलं? डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, पाठ बोलते, आणि चहा प्यायला बसले की जिन्यात कुणाचं तरी पाऊल वाजतंच.

त्या दिवशी पाऊल घरातलंच होतं. माझी थोरली जाऊ. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. ती खालच्या मजल्यावर राहते, मी वर. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे चिडली की मधेच कन्नड बोलते. येऊन पाटावर बसली, मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, “ह्याच्यावरनं एक कडक पत्र लिही गं. दुकानदाराला. असं लिही की वाचून त्याला घाम फुटला पायजे.”

प्रकरण मला माहीत होतं. सगळ्या घराला माहीत होतं, कारण गेले कित्येक दिवस घरात दुसरा विषयच नव्हता. अक्का कडक भाकऱ्या करते. ज्वारीच्या, पातळ, तव्यावर वाळवून पापडासारख्या कुरकुरीत केलेल्या. बचत गटातून कर्ज काढून तिनं पिठाची गिरणी घेतली होती, घरात कपाटासारखी उभी राहते ती. आणि ती बंद पडली होती. आधी जळका वास आला, मग मोटार नुसतीच घुंघुं करायला लागली, मग तेही नाही. दुकानाचा माणूस टेम्पो घेऊन आला, गिरणी नेली, आणि बरोबर वॉरंटी कार्डही घेऊन गेला. “तिकडं दाखवावं लागतंय, मावशी.” अक्कानं दिलं. त्यानंतर दुकानात फोन केला की एकच उत्तर, कंपनीला कळवलंय, बघू.

आता गिरणी नाही तर गल्लीतल्या गिरणीतून दळून आणावं, असं कुणीही म्हणेल. मीही म्हटलं होतं. तेव्हा अक्कानं माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी या घरात कालच सून म्हणून आलेय. तिथं आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळलेले असतात, त्याचं पीठ ज्वारीत येतं आणि भाकरी चिवट होते. लाइट गेली की डबा तिथंच पडून. आणि ज्वारीचं पीठ एकदा शिळं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा जातो, भाकरी थापताना कडेनं चिरते. तिला लागतं रोजचं ताजं, तिच्या हाताला पाहिजे तेवढं जाडसर. दोन हॉटेलवाले तिच्याकडून नेत होते. एकानं दुसरीकडे बघायला सुरुवात केली होती. दुसरा अजून थांबला होता, पण किती थांबेल? गिरणी लवकर आली नाही, तर अक्काचा धंदा जाणार होता. साधी गोष्ट होती आणि अक्काच्या तोंडावर ती सरळ दिसत होती.

मोबाइलमध्ये दोनच फोटो होते. एक बिलाचा, एक कार्डाचा. दोन्ही तिच्या लेकीनं गिरणी घेतली तेव्हा काढलेले, बचत गटाच्या ताईंना कर्जाच्या फायलीसाठी पाठवायला म्हणून. खरं बिल बँकेच्या फायलीत गेलं, कार्ड दुकानदारानं नेलं. म्हणजे आमच्या हातात जे काही होतं ते एवढंच, काचेवरचं.

“लेकीनं फोटो काढून ठेवला म्हणून वाचलात,” मी म्हटलं.

“मग! शिकवलीय कशाला?” अक्का म्हणाली.

शिकली खरी, पण फोटो काढताना कार्ड सपाट धरायचं असतं हे कुणी शिकवलं नव्हतं. कार्डाची घडी मधोमध, त्यावर ट्यूबलाइटची चकाकी, आणि शेवटच्या ओळीवर पोरीचा मेंदी लावलेला अंगठा. अक्षरं इंग्रजी आणि मुंगीच्या पायाएवढी. मी चष्मा काढला, घातला, फोटो दोन बोटांनी मोठा केला, मग तो धूसर झाला, मग लहान केला. अर्धा चहा तसाच निवला. एक एक कलम वाचून मी वहीत मराठीत उतरवत गेले.

वॉरंटी बिलाच्या तारखेपासून. यंत्राला एक वर्ष, मोटारीला दोन. जाळ्या, पट्टा आणि प्लास्टिकचे भाग त्यात नाहीत. कार्डावर विक्रेत्याचा शिक्का आणि सोबत बिल असेल तरच ग्राह्य. कंपनीच्या माणसाशिवाय दुसऱ्या कुणी यंत्र उघडलं तर रद्द. शिक्का होता, तारीख होती. एक वर्ष उलटलं होतं, पण दोन झालेली नव्हती, आणि जळली होती ती मोटारच. गिरणी कुणी उघडली नव्हती. मला बरं वाटलं. म्हटलं, हे तर सोपं आहे.

आणि मग घडीच्या खालचं कलम. हे यंत्र फक्त घरगुती वापरासाठी. व्यावसायिक वापर आढळल्यास वॉरंटी रद्द.

मी पेन खाली ठेवलं.

“काय झालं?” अक्का.

“अक्का, दुकानदाराला तुम्ही धंद्याचं काही बोललात का फोनवर?”

“मग काय बोलू? रोज सांगतीय की, बाबा, माझा धंदा बसला, हॉटेलवाले सोडून चालले, लवकर कर म्हणून. पत्रात पन पयलं तेच घाल. धंदा बुडाला म्हनून. नुकसानभरपाई माग.”

मी तिला कलम समजावून सांगितलं. एकदा सांगितलं, तिला पटलं नाही. दुसऱ्यांदा सांगितलं, ती चिडली. “अय्यो, गिरनीला काय कळतंय पीठ इकायचं हाय का घरात खायचं हाय? पीठ ते पीठ!” बोलणं चुकीचं नव्हतं. पण कार्ड छापणाऱ्यांनी तिला विचारून छापलं नव्हतं. घरात चार माणसांचं दळण आणि रोज टोपलीभर भाकऱ्यांचं दळण, यात मोटारीला फरक पडतो, असं त्यांचं म्हणणं.

“म्हणून धंद्याचं नाव काढायचं नाही,” मी म्हटलं. “गिरणी घरात आहे, मोटार जळली, दोन वर्षं झाली नाहीत, बदलून द्या. बास. मोघम ठेवायचं.”

“मोघम म्हंजे?”

“म्हणजे गप्प.”

ती गप्प बसली नाही, पण लिहू दिलं. मी लिहिलं ते असं होतं: ‘प्रति, मा. व्यवस्थापक. विषय: वॉरंटी कालावधीत पिठाच्या गिरणीची मोटार निकामी झाल्याबाबत. महोदय, मी एक गृहिणी असून...’ हात आपोआप चालला. इतक्या वर्षांची सवय. शिधापत्रिकेच्या अर्जात ‘मी एक गरीब’, फी माफीच्या अर्जात ‘माझी परिस्थिती हलाखीची’, पाण्याच्या अर्जात ‘आम्ही असहाय रहिवासी’. साहेब लोकांना तसं वाचायला आवडतं आणि काम होतं, हे मी नोकरीत शिकले. त्यात मला कधी काही वावगं वाटलं नाही.

वाचून दाखवलं. अक्का म्हणाली, “गृहिनी म्हंजे घरात बसलेली ना?”

“अक्का, शब्द आहे तो. सोडा.”

तिनं सोडला. मी बिल क्रमांक, यंत्राचा क्रमांक आणि मोटारीचा क्रमांक उतरवायला बिलाचा फोटो उघडला. तो स्वच्छ होता. मोठा केला, आकडे उतरवले, आणि सहज वर सरकवला. ग्राहकाचे नाव, असं छापलेलं, आणि पुढे निळ्या शाईत दुकानदाराच्याच हातानं, वळणदार: अक्काच्या सासूबाईंच्या, म्हणजे आमच्या दोघींच्या सासूबाईंच्या नावाचं ‘भाकरी केंद्र’, आणि त्याच्याखाली प्रोप्रायटर म्हणून अक्काचं पूर्ण नाव. आणि त्याच बिलात खाली वस्तूच्या रकान्यात, ‘घरगुती पिठाची गिरणी’.

“हे काय आहे?”

“काय हाय?”

“बिल केंद्राच्या नावानं केलंत?”

“मग कुनाच्या?” तिचा चेहरा इतका उजळला की मला पुढचं बोलणं जड गेलं. बचत गटाच्या ताईंनी सांगितलं होतं, कर्ज धंद्यासाठी आहे तर कोटेशन आणि बिल धंद्याच्या नावानं आणा. गटातल्या सगळ्या बायका तसंच करतात. “त्यो इचारला, मावशी, नाव काय घालू? मी सांगितलं, आन् म्हनलं नीट अक्षर काढ बाबा. पयल्यांदाच माझं नाव बिलावर आलं. न्हायतर घरातल्या फ्रिजपासनं मिक्सरपोतूर सगळं ह्यांच्या नावावर.”

मी वही मिटली आणि डोकं धरून बसले. ‘मी एक गृहिणी’ म्हणून पत्र लिहायचं आणि सोबत जोडायचं ते भाकरी केंद्राचं बिल. बिल जोडलं नाही तर वॉरंटी नाही, जोडलं तर वॉरंटी रद्द. खरं सांगते, त्या क्षणी मला अक्काचा राग आला, तिच्या लेकीचा आला, बचत गटाचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला, की मी दार उघडलंच का.

“तुम्ही त्याला घेताना सांगितलं होतं का, कशासाठी पाहिजे ते?” मी वैतागून विचारलं.

“सांगितलं की! भाकऱ्यांसाठी पायजे, रोज लागंल म्हनलं. मोठी गिरनी दाखव म्हनलं. त्यो म्हनला, मोठी कशाला, जागा खाती, हीच न्या, बिनधास्त चालवा. लई बायका नेत्यात.”

इथं माझं डोकं जरा चालायला लागलं. म्हणजे त्याला माहीत होतं. धंद्यासाठी पाहिजे हे त्याला तोंडी सांगितलं, त्यानं स्वतःच्या हातानं धंद्याचं नाव बिलावर लिहिलं, आणि त्याच बिलावर खाली घरगुती गिरणी विकली, जिच्या कार्डावर छापलंय की धंद्याला चालणार नाही. ते कलम त्यानं विकताना सांगितलंच नाही. मग चूक अक्काची की त्याची? ओळखीच्या एका बाईंनी वकिलाच्या ऑफिसात बरीच वर्षं काम केलंय. त्यांना फोन करून विचारलं, की धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार ग्राहक आयोगात चालते का? त्या म्हणाल्या, मोठ्या व्यापाऱ्याची नाही चालत. पण स्वतः राबून, पोट भरण्यापुरता केलेला धंदा असेल, तर तो माणूस कायद्याला ग्राहकच. अक्का स्वतः थापते, स्वतः भाजते. तिच्याएवढं स्वतः राबणारं मी तरी दुसरं पाहिलं नाही.

मग पहिला कागद फाडला आणि दुसरा घेतला. या वेळी मोघम काही ठेवलं नाही. ‘मी स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी भाकरीचा व्यवसाय करते. ही बाब खरेदीच्या वेळी आपणांस सांगितली होती व आपण स्वहस्ते बिलावर तशी नोंद केली आहे. असे असताना व्यवसायास न चालणारे यंत्र आपण मला दिले व कार्डावरील संबंधित अट सांगितली नाही. तरी मोटार विनामूल्य बदलून द्यावी, अन्यथा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.’ खाली सोबत: बिलाची प्रत, कार्डाची प्रत. झेरॉक्सवाल्याकडून दोन्ही फोटोंच्या प्रिंट काढल्या, आणि पत्राच्या दोन प्रती. एक त्याला द्यायची, एकीवर पोच घ्यायची.

अक्कानं तो कागद हातात घेऊन बोट ठेवत ठेवत वाचला. ‘भाकरीचा व्यवसाय करते’ इथं बोट जरा थांबलं. मग सही केली, मोठी, लपेटीची.

दुकानात आम्ही दुपारी गेलो, गिऱ्हाईक कमी असतं म्हणून. मालक साधारण माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा, बोलायला गोड. आधी पाणी मागवलं. मग पत्र वाचलं. मग परत वाचलं, आणि पंख्याखाली असूनही रुमाल काढला. अक्कानं माझ्या कोपराला हळूच ढोसलं. घाम फुटला होता खरा.

“मावशी, एवढं कशाला? घरातलीच माणसं आपण,” तो म्हणाला. “कंपनीनं कळवलंय मला. कमर्शियल वापर आहे म्हणून नाही म्हणतायत. बिलच तसं पाठवलं ना आपण.” मग खुर्ची पुढे ओढून, आवाज खाली आणून, “एक करू. मी दुसरं बिल करून देतो. तारीख तीच, नंबर मी बघतो. केंद्र-बिंद्र काही नको त्यात. घरगुती म्हटल्यावर मालकांच्या नावानं टाकू. कंपनी काही विचारत नाही, चार दिवसांत नवी मोटार. हे पत्र तेवढं तुम्ही परत न्या.”

मी लगेच हो म्हणणार होते. अगदी तोंडावर आलं होतं. ते दुसरं बिल खोटं असणार हे मला कळत होतं, मी काही दूधखुळी नाही. पण मला घरी जाऊन आडवं व्हायचं होतं, आणि अक्काला गिरणी पाहिजे होती, आणि दोन्ही एका दमात मिळत होतं. मी अक्काकडे बघितलं.

“मालक म्हंजे कोन?” अक्का विचारत होती.

“काका. तुमचे मिस्टर.”

“त्यांना तवा कुटं असतोय ते म्हाईत न्हाई.”

“अहो, कागदापुरतं हो मावशी.”

“कागदापुरतंच की. कागदावरच तर हाय माझं नाव, दुसरं कुटं हाय?” असं म्हणून तिनं पत्राची दुसरी प्रत त्याच्यासमोर ठेवली. “हितं पोच द्या. शिक्का मारून.”

तो माझ्याकडे बघत राहिला, म्हणजे शहाणी कोण आहे दोघींत, असं. मी मान खाली घातली. दुकानदारानं बराच वेळ काढला, दोन फोन घेतले, शेवटी शिक्का मारला आणि सही केली. उठताना पाण्याचा ग्लास तसाच भरलेला राहिला होता, तो अक्कानं पिऊन टाकला. म्हणाली, उगाच वाया कशाला.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. कंपनीनं नाहीच म्हटलं, पत्रानंही त्यांना काही फरक पडला नाही. पण दुकानदाराला पोच दिलेली प्रत डाचत राहिली असावी. त्यानं जळलेली मोटार स्वतःच्या खर्चानं, आत नवी तार गुंडाळून भरून दिली आणि गिरणी घरपोच केली. नवी नाही, भरलेली. आता तिला वॉरंटी कुणाचीच नाही. आणि यात जेवढे दिवस गेले तेवढ्यात थांबलेला तो दुसरा हॉटेलवालाही गेला. त्या खोट्या बिलावर होकार दिला असता तर कदाचित तो राहिला असता. अक्कानं पुन्हा शून्यापासून गिऱ्हाईक धरायला घेतलंय, आता गुडघे दुखतात तरी.

पण त्या दिवशी यातलं काहीच माहीत नव्हतं. रिक्षात बसलो तेव्हा मी इतकी दमले होते आणि इतकी चिडले होते, की तिच्याकडे बघितलं नाही. रस्ता उकरलेला, धूळ, रिक्षावाल्याचं गाणं. शेवटी राहवलं नाही.

“अक्का, फुकट मोटार मिळत होती. चार दिवसांत. तुमच्यासाठी मी डोळे फोडून घेतले, आणि तुम्ही नावासाठी सोडलंत?”

“मिळत होती की,” ती म्हणाली. तिचाही आवाज गेलेला होता, भांडायचं त्राण नव्हतं. पदरानं तोंड पुसलं. “पन मग इतकी वर्षं भाकऱ्या कुनी केल्या म्हनायच्या गं? तुझ्या भावजींनी?”

भावजी डोळ्यांसमोर आले, काटवटीपुढं मांडी घालून भाकरी थापत बसलेले, आणि मला फस्सकन हसू आलं. तिलाही आलं. रिक्षावाल्यानं आरशात बघितलं. हसता हसता माझे डोळे भरून आले ते थांबेनात. किती बायकांना मी माझ्या सुबक अक्षरात गरीब केलं होतं, असहाय केलं होतं, गृहिणी केलं होतं, आणि त्या सगळ्या ‘लई चांगलं लिवलं’ म्हणून पाया पडून गेल्या होत्या. अक्काला वाटलं मोटारीसाठी रडतेय. म्हणाली, “असू दे गं. दळून आणू की कुटनं तरी.”